खडीच्या रस्त्यावर मागचा एबीएस कधी बंद करायचा? कॉर्नरिंग एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलचे मोड, नव्या रायडरसाठी

उताराचा कच्चा रस्ता, वर सैल खडी, वेग जेमतेम 35. समोरचं वळण जवळ आलं म्हणून मी मागचं पेडल दाबलं, तर पायाखाली ते टकटकटक करत मलाच परत ढकलायला लागलं. गाडी थांबायचं नाव घेईना. अजून जोरात दाबलं, टकटक वाढली, वेग तेवढाच. शेवटी वळणाच्या बाहेर मातीचा ढीग होता, त्यात गाडी घातली आणि आडवा झालो. एक हँडगार्ड वाकला, बाकी काही नाही.

गाडीत बिघाड नव्हता. एबीएस आपलं काम चोख करत होता, फक्त ते काम डांबराच्या हिशेबाने चाललं होतं. तो हिशेब खडीवर कुठे चुकतो, मोडमध्ये नेमकं काय बदलायचं, किती बदलायचं आणि कधी हात लावायचा नाही, एवढंच इथे सांगतो.

आधी, कॉर्नरिंग एबीएस काय बघतो

साधा एबीएस फक्त चाकं मोजतो. प्रत्येक चाकाजवळ डिस्कच्या आतल्या बाजूला एक दातेरी किंवा भोकांची रिंग असते आणि तिच्यासमोर एक सेन्सर. एखादं चाक गाडीच्या वेगाच्या मानाने अचानक फार हळू झालं, की ते लॉक व्हायला लागलंय असं कंट्रोलर समजतो. मग त्या ब्रेकमधलं तेलाचं प्रेशर क्षणभर सोडतो, परत भरतो, परत सोडतो. हे एका सेकंदात अनेकदा होतं. पायाला लागणारी टकटक तीच.

कॉर्नरिंग एबीएसमध्ये याच्या जोडीला आयएमयू नावाची एक डबी असते. गाडी किती झुकली आहे, नाक किती खाली गेलंय, शेपूट फिरतेय का, हे ती सतत मोजत असते. मोटरसायकलवर ही सोय पहिल्यांदा केटीएम 1190 ॲडव्हेंचरच्या 2014 च्या मॉडेलवर आली, बॉशच्या एमएससी प्रणालीतून. आता ती मधल्या किमतीच्या गाड्यांवरही दिसते.

झुकाव कळून उपयोग काय? टायरची पकड एकच असते आणि ती दोन कामांना वाटून द्यावी लागते. एक भाग गाडीला वळणात धरून ठेवतो, उरलेला ब्रेकला मिळतो. वळणात गाडी झुकलेली असताना सरळ रस्त्याच्या सवयीने पुढचा ब्रेक खेचला, की दोन्हींची बेरीज पकडीच्या बाहेर जाते आणि पुढचं चाक निसटतं. कॉर्नरिंग एबीएस झुकाव बघून प्रेशर हळूहळू चढू देतो आणि कमी ठिकाणी अडवतो. आणखी एक गोष्ट तो सांभाळतो. वळणात पुढचा ब्रेक लागला की गाडी आपोआप उभी व्हायला बघते आणि रस्त्याच्या बाहेरच्या कडेकडे जाते. प्रेशर बेताने चढलं की हा झटका बराच कमी होतो.

पण वळणाला किती पकड खर्च झाली ते तो ठरवत नाही, ते तुम्ही वेगाने ठरवता. आकड्यात बघा. चांगल्या कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक 1 धरू, सैल खडीवर 0.5 धरू. गाडी 20 अंश झुकलेली असताना डांबरावर ब्रेकसाठी अजून 93 टक्के पकड शिल्लक असते. खडीवर त्याच 20 अंशांना सुमारे 69 टक्के उरते. अजून पाचच अंश झुकवा, 25 वर ती 36 टक्क्यांवर येते. आणि 27 अंशांच्या आसपास शून्य, म्हणजे ब्रेकला हात न लावताही चाक बाजूला जाणार. डांबरावर 27 अंश हा रोजचा, आळशी झुकाव आहे. म्हणून खडीवर कॉर्नरिंग एबीएसच्या भरवशावर वळणात शिरणं ही गल्लत. घसरण ब्रेकमुळे नसेल तर एबीएसला सोडायला काही हातातच नसतं.

खडीवर हिशेब का फिरतो

डांबरावर टायर थोडासा घसरत असताना सर्वात चांगला धरतो. चाक गाडीच्या वेगापेक्षा साधारण दहा ते वीस टक्के हळू फिरत असताना ब्रेक सर्वात जास्त लागतो, पूर्ण लॉक झालं की कमी. एबीएस नेमका त्या पट्ट्यात चाक ठेवायचा प्रयत्न करतो.

सैल खडीत वेगळं घडतं. लॉक झालेलं चाक वरचे सुटे खडे खरवडत खाली जातं आणि स्वतःच्या पुढे खड्यांचा छोटा बांध उभा करतं. तो बांध आणि खालची घट्ट जमीन मिळून गाडी थांबवतात. एबीएस मात्र चाक लॉक होतंय असं दिसताच प्रेशर सोडतो, चाक फिरून त्या बांधावर चढतं, पुढे जातं, परत लॉक व्हायला लागतं, परत सुटतं. बांध कधी तयारच होत नाही. मागच्या चाकावर हे जास्त जाणवतं, कारण ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि जरासं पेडल दाबलं तरी लॉक होतं. म्हणजे एबीएस जवळजवळ सगळा वेळ सोडतच बसतो.

अंतराचा अंदाज घेऊ. ताशी 40 किलोमीटर वेग. समजा खडीवर सपाटीला दोन्ही ब्रेक नीट वापरून गाडी दर सेकंदाला 4.5 मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी करते. ती साधारण 14 मीटरमध्ये थांबेल. एबीएस सतत सोडत राहिल्यामुळे हाच आकडा 3 वर आला तर 21 मीटर लागतील. सात मीटरचा फरक, गैरसोय आहे पण चालून जाईल. आता हाच रस्ता उताराचा करा, दर 10 मीटरला 1 मीटर खाली जाणारा. उतार तुमच्या ब्रेकमधून जवळजवळ 1 खाऊन टाकतो. पहिल्या बाबतीत 18 मीटर, दुसऱ्या बाबतीत 31. सपाटीवर न जाणवलेला दोष उतारावर असा अंगावर येतो. माझ्या त्या मातीच्या ढिगापर्यंतचं अंतर साधारण इतकंच होतं.

मग पुढचाही बंद करावा का? नाही. मागचं चाक लॉक झालं तर शेपूट डोलते, पण पुढचं चाक फिरत असल्यामुळे हँडल तुमच्या हातात राहतं आणि गाडी बऱ्यापैकी सरळ जाते. पुढचं लॉक झालं तर हँडल वळवूनही काही होत नाही आणि अर्ध्या सेकंदात गाडी खाली असते. कसलेले रायडर पुढचं चाक लॉकच्या काठावर धरू शकतात, नवशिक्याला ते जमत नाही आणि शिकताना पडल्याशिवाय कळतही नाही. म्हणून खडीवर पुढचा एबीएस लांबलेल्या अंतराची किंमत देऊनही ठेवायचा.

मोडची नावं वेगळी, पायऱ्या तीनच

प्रत्येक कंपनी आपली नावं लावते, पण आत डोकावलं तर ढोबळमानाने तीनच पायऱ्या सापडतात.

पहिली म्हणजे रस्त्याचा मोड. दोन्ही चाकांवर एबीएस, झुकावाचा हिशेब चालू, ट्रॅक्शन कंट्रोल सावध. रेन मोड हा याचाच आणखी हळवा भाऊ.

दुसरी पायरी आपल्या कामाची. हिला कुठे ऑफरोड, कुठे एंड्युरो, कुठे ग्रॅव्हल म्हणतात. केटीएमच्या ऑफरोड एबीएसमध्ये मागचा एबीएस बंद होतो, पुढचा चालू राहतो आणि झुकावाचा हिशेब थांबतो. ट्रायम्फ टायगर 900 रॅली प्रोच्या ऑफ-रोड मोडमध्येही मागचा बंद, पुढचा कच्च्या रस्त्याच्या सेटिंगवर. होंडा आफ्रिका ट्विनवर मागचा एबीएस वेगळा बंद करता येतो आणि ट्रॅक्शन कंट्रोलला सात पातळ्या आहेत. सुझुकी व्ही-स्ट्रॉम 800 डीई वर ट्रॅक्शन कंट्रोलमध्ये G अशी खास खडीची पातळी दिलेली आहे.

झुकावाचा हिशेब का थांबवतात, असा प्रश्न पडायला हवा. खडीवर वळताना आपण अंग सरळ ठेवतो आणि गाडी खाली दाबतो, म्हणजे गाडी वळणाच्या गरजेपेक्षा जास्त झुकलेली असते. त्यात मागचं चाक जरा जरा बाजूला सरकत असतं. डबीला हे सगळं धोक्याचं दिसतं आणि ती ब्रेक नको तितका आखडते. ज्या हालचाली खडीवर नेहमीच्या आहेत, त्या डांबरावर पडण्याच्या बेतात असलेल्या गाडीच्या असतात.

तिसरी पायरी म्हणजे सगळं बंद, किंवा जवळजवळ सगळं. टायगरवर ती ऑफ-रोड प्रो नावाने आहे, त्यात एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही बंद होतात. इतर गाड्यांवर प्रो किंवा रॅली अशी नावं आढळतात, पण एकाच नावाखाली दोन कंपन्या वेगळी गोष्ट देतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. मॅन्युअलमध्ये मोडचा तक्ता असतो, त्यात चार गोष्टी शोधा: पुढचा एबीएस, मागचा एबीएस, झुकावाचा हिशेब, ट्रॅक्शन कंट्रोलची पातळी. ते पान मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तिसऱ्या पायरीला पहिल्या वर्षात तरी हात लावायचं कारण मला दिसत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल: कमी करा, मारू नका

ट्रॅक्शन कंट्रोल उलट्या दिशेने विचार करतो. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त वेगाने फिरतंय, म्हणजे ते घसरतंय, असं धरून तो इंजिनची ताकद तोडतो. कन्सोलवर पिवळा दिवा लुकलुकतो आणि इंजिन अडखळल्यासारखं वाटतं.

खडीवर मागचं चाक थोडं जास्त फिरणं हेच पुढे जाणं आहे. ते वरचे सुटे खडे उडवून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतं आणि तिथून ढकलतं. डांबराच्या पातळीवरचा ट्रॅक्शन कंट्रोल हे होऊच देत नाही. सपाट खडीवर त्याचा फारसा त्रास नाही. गाडी जरा मरगळलेली वाटते इतकंच, आणि पहिल्या दिवशी ती मरगळ उपयोगाचीच आहे. त्रास चढावर होतो. चढात ताकद तुटली की वेग जातो, वेग गेला की तोल जातो, आणि चढावर थांबलेल्या जड गाडीचा पाय टेकायचा राहिला की ती खालच्या बाजूला कलते. नवशिके खडीवर पडतात ते बहुतेक असे, वेगात नव्हे.

दुसरी एक खोड कमी लोकांना माहीत असते. खडबडीत रस्त्यावर पुढचं चाक उंचवट्यावरून हवेत उडालं की त्याचा वेग क्षणभर घसरतो. कंट्रोलरला वाटतं मागचं चाक जास्त फिरलं, आणि तो ताकद तोडतो. खड्ड्याखड्ड्यांच्या चढावर गाडी कारण नसताना दम टाकते, त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

म्हणून खडीचा रस्ता सुरू झाला की ट्रॅक्शन कंट्रोल ऑफरोडच्या पातळीवर, किंवा आकड्यांची गाडी असेल तर सर्वात खालून पहिल्या-दुसऱ्या पातळीवर आणायचा. बहुतेक गाड्यांवर मोठा आकडा म्हणजे जास्त ढवळाढवळ, पण एकदा तपासून घ्या. पूर्ण बंद करायची वेळ दोनच ठिकाणी येते: खोल वाळू किंवा गाळात गाडी रुतली असेल तेव्हा, आणि उभ्या चढावर जागेवरून निघायचं असून इंजिन पुन्हा पुन्हा गुदमरत असेल तेव्हा. बाहेर पडलात की परत चालू. बऱ्याच गाड्यांवर तो बंद केला की पुढचं चाक उचलू न देणारी यंत्रणाही सोबत बंद होते, हे चढावर लक्षात असू द्या.

सराव: अर्धा तास, एक रिकामं मैदान

सपाट, रिकामं, खडी पसरलेलं मैदान किंवा सरळ कच्चा रस्ता शोधा. पूर्ण सेफ्टी गिअर घाला. वेग 25 ते 30, दुसरा गिअर. त्याच्या वर जायचं नाही.

पहिली फेरी रस्त्याच्या मोडमध्ये. उभ्याने किंवा बसून, जसं जमेल तसं, सरळ जा. ठरलेल्या दगडाजवळ थ्रॉटल बंद करा, क्लच दाबा आणि फक्त मागचं पेडल दाबा. टकटक लागेल. थांबा, स्टँड लावा, आणि मागे चालत जाऊन खडीतली खूण बघा. तुटक तुटक पट्टे दिसतील: एक वीतभर खरवडलेलं, मग गुळगुळीत, मग परत खरवडलेलं. जिथे गुळगुळीत आहे तिथे ब्रेक सुटलेला होता. हा भाग टाळू नका, शब्दांत सांगून जे पटत नाही ते या पट्ट्यांवरून पटतं.

दुसरी फेरी मागचा एबीएस बंद करून. तोच दगड, तोच वेग. आता चाक लॉक होईल, शेपूट थोडी डोलेल. नजर दूर ठेवा, हँडल सैल धरा, गाडीला सरळ जाऊ द्या. खूण बघा: सलग एक चर, आणि शेवटी खड्यांचा छोटासा ढीग. तोच तो बांध. दोन्ही फेऱ्यांचं अंतर पावलांनी मोजा.

लॉक झालेलं चाक शेवटपर्यंत लॉकच ठेवायचं असं नाही. पाच-सहा फेऱ्यांनंतर पेडल इतकं सोडायला शिका की चाक अगदी लॉकच्या काठावर, खरखर आवाज करत फिरेल. तिथे शेपूट कमी डोलते आणि थांबणंही चांगलं होतं. बुटाची टाच फुटपेगवर टेकवून फक्त पुढच्या पंजाने दाबलंत तर हे लवकर जमतं.

तिसऱ्या फेरीत पुढचा ब्रेक आणा, एबीएस चालूच. एका किंवा दोन बोटांनी, पिळल्यासारखा, खेचल्यासारखा नाही. आधी नाक खाली बसू द्या, मग प्रेशर वाढवा. लिव्हर टकटकायला लागला की ती मर्यादा. तिथून जरा मागे या. या अर्ध्या तासाच्या शेवटी पुढचा ब्रेक टकटकू न देता तुम्ही गाडी थांबवू शकलात, तर मागचा एबीएस बंद करून रस्त्याला लागायला हरकत नाही. नाही जमलं, तर दुसऱ्या दिवशी परत.

एक उतार, पायरीपायरीने

आता खरा प्रसंग. डांबर संपतंय, पुढे तीनशे मीटरचा खडीचा उतार, मध्ये एक डावं बंद वळण, खाली नाला, मग तेवढाच चढ.

डांबरावरच थांबा. मोड चालत्या गाडीत बदलता येतात, पण मागचा एबीएस बंद करायला बऱ्याच गाड्यांवर थांबून बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. ऑफरोड मोड घ्या आणि कन्सोलवर एबीएसचं चिन्ह बदललेलं डोळ्यांनी बघा. बटण दाबलं म्हणजे झालं, असं धरू नका.

पहिल्या गिअरमध्ये उतरायला लागा, क्लच सोडलेला. इंजिनच गाडी धरून ठेवेल. इथे एक सापळा आहे: दुसऱ्यातून पहिल्यात टाकताना क्लच झटक्याने सोडला तर मागचं चाक इंजिनच्या ओढीने लॉक होतं, आणि एबीएस चालू असला तरी तो यात काही करू शकत नाही, कारण सोडायला ब्रेकचं प्रेशरच नसतं. काही महागड्या गाड्यांवर यासाठी वेगळी यंत्रणा असते. बाकीच्यांनी गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच खाली आणावा.

वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, वेग पायी पळणाऱ्या माणसाइतका आणा. यात पुढचा ब्रेक मुख्य, मागचा सोबतीला. झुकवायला सुरुवात करण्याआधी पुढचा लिव्हर पूर्ण सोडा. मागच्या पेडलवर पंजा हलका राहू द्या, त्याने गाडी ताणलेली राहते. डाव्या वळणात बाहेरचं म्हणजे उजवं फुटपेग दाबा, अंग सरळ ठेवा आणि गाडीला आपल्याखाली झुकू द्या. झुकाव कमीत कमी. वरचे ते 25 अंश आठवा.

वळणात शेपूट सरकली तर? पेडल हळूच सोडा, चाक फिरायला लागेल आणि शेपूट परत रांगेत येईल. डांबरावर आडवं सरकलेलं चाक असं झटक्यात सोडलं तर टायर एकदम पकड घेतो आणि गाडी रायडरला वर फेकते. खडीवर पकडच कमी असल्याने हा धोका कमी आहे, तरी सोडायचं हळूच. आणि घाबरून पुढचा लिव्हर ओढायचा नाही. झुकावाचा हिशेब या मोडमध्ये बंद असू शकतो, त्यामुळे पुढचा एबीएस आता फक्त सरळ रेषेतल्या ब्रेकचा पहारेकरी आहे. वळणात त्याच्यावर विसंबू नका.

नाला ओलांडला की चढ. दुसरा गिअर, किंचित वेग आधीच घेऊन ठेवा, आणि चढ सुरू झाल्यावर थ्रॉटल एका जागी धरा. पिवळा दिवा अधूनमधून लुकलुकला तर ठीक आहे. सतत लुकलुकत असेल आणि वेग पडत असेल तर थ्रॉटल वाढवू नका, थोडा कमी करा. चाकाची घसर कमी झाली की ताकद परत मिळते. हे उलटं वाटतं, पण करून बघा. तरीही गाडी दम टाकत असेल तर पुढच्या वेळी ट्रॅक्शन कंट्रोल एक पातळी खाली.

कधी हात लावायचा नाही

डांबरी वळणावर कुणाच्या ट्रकमधून सांडलेली खडी दिसली म्हणून मोड बदलणं ही सर्वात वाईट कल्पना. पाच मीटर खडी, पुढे-मागे डांबर. तिथे तुमचा ब्रेक बहुतेक डांबरावरच लागणार आहे आणि कॉर्नरिंग एबीएस नेमका त्यासाठीच आहे. वेग खडीच्या आधी कमी करा, खडीवरून ब्रेक न लावता, गाडी शक्य तितकी उभी ठेवून जा.

तसंच मुरूम बसून घट्ट झालेला, वरून धूळच काय ती असलेला रस्ता. तो दिसायला कच्चा असला तरी ब्रेकच्या दृष्टीने डांबराच्या जवळचा आहे. ओळखायची साधी युक्ती: गाडी थांबवून बुटाच्या टाचेने जोरात खरवडा. टाच सुट्या खड्यांत बोटभर खाली गेली तर ऑफरोड मोड. नुसता पांढरा ओरखडा उठला तर रस्त्याचा मोड राहू द्या. ओल्या चिकणमातीवर मागचा एबीएस बंद करून काही मिळत नाही. तिथे बांध उभाच राहत नाही, टायरच्या खाचा भरून तो गुळगुळीत होतो, आणि लॉक झालेलं चाक फक्त घसरतं.

फसवणाऱ्या चार जागा

बहुतेक गाड्या चावी बंद-चालू केली की मागचा एबीएस आपोआप परत चालू करतात. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, पण उताराच्या मध्यावर फोटो काढायला थांबून चावी फिरवलीत आणि तसेच निघालात, की पेडल परत टकटकणार. माझ्या त्या दिवशी हेच झालं होतं. काही गाड्यांवर किल स्विचने इंजिन बंद केलं तर सेटिंग टिकतं. आपल्या गाडीवर काय होतं ते घरासमोर उभं राहून एकदा करून बघा.

गाडी सुरू केल्यावर एबीएसचा दिवा लुकलुकतो आणि काही मीटर चालल्यावर विझतो, हा बिघाड नव्हे, स्वतःची तपासणी आहे. चालत्या गाडीत तो पेटून तसाच राहिला तर मात्र खरी तक्रार. चिखलाच्या रस्त्यानंतर आधी चाकाजवळची रिंग आणि सेन्सर पाण्याने धुवून बघा, खूपदा त्यात मातीच भरलेली असते. गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक बराच वेळ फिरवलं तरी दिवा पेटतो, कारण पुढचं स्थिर आणि मागचं पळतंय हे कंट्रोलरला पटत नाही. चावी बंद करून गाडी थोडी चालवली की बहुधा जातो.

टायर बदलताना मापाकडे लक्ष द्या. मागचा किंवा पुढचा टायर कंपनीच्या मापापेक्षा उंच-बुटका घातला, की दोन चाकांच्या वेगाचं गणित कायमचं हलतं आणि ट्रॅक्शन कंट्रोल सरळ रस्त्यावरही ढवळाढवळ करायला लागतो. काही गाड्यांच्या मेनूमध्ये नव्या टायरसाठी मोजणी करून घ्यायची सोय असते.

आणि चौथी जागा परतीची. खडी संपून डांबर लागतं तेव्हा वेग वाढवायचा मोह होतो आणि मोड बदलायचा राहतो. मागचा एबीएस बंद असताना पहिल्या डांबरी वळणात पेडल दाबलं, तर उताराच्या प्रसंगात सांगितलेली ती वर फेकणारी घसरण तुमची वाट बघत असते. टायरच्या खाचांतही अजून खडे अडकलेले असतात. मी डांबर लागलं की दहा मीटरवर थांबतो, चावी बंद करून परत चालू करतो, कन्सोलवर दोन्ही चाकांचं चिन्ह परतलेलं बघतो, आणि मगच दुसरा गिअर टाकतो.